विसाव्या जागेवरचा चौकोन

“चॅट विंडोमध्ये विचित्र चिन्हे येतात. फक्त इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये. कृपया लवकर बघावे.” असे तीन ओळींचे तिकीट डेव्हलपरकडे गेले, की त्याचे पुढे काय होते हे सॉफ्टवेअर कंपनीत काम केलेल्या कोणालाही ठाऊक असते. डेव्हलपर आपल्या संगणकावर चॅट उघडतो, दोन-चार संदेश पाठवून बघतो, सगळे व्यवस्थित दिसते. मग “माझ्याकडे चालतंय” असा शेरा मारून तो तिकीट बंद करतो. ग्राहकाच्या पडद्यावर चिन्हे दिसायची ती दिसतच राहतात.

यात डेव्हलपरला आळशी म्हणता येणार नाही. त्याच्या हाती काही दिलेलेच नव्हते. कुठली चिन्हे, चॅट विंडोच्या कोणत्या भागात, कोणता संदेश पाठवल्यावर, यातले एकही उत्तर त्या तिकिटात नाही. टेस्टरच्या कामाचा खरा कस इथेच लागतो. दोष दिसणे ही सुरुवात असते. तो दुसऱ्याच्या संगणकावर, दुसऱ्याच्या हातून, हमखास दिसेल अशी वाट लिहून देणे हे पुढचे आणि जास्त अवघड काम. हे काम कसे होते, ते एका रचलेल्या उदाहरणातून बघू. प्रसंग कल्पित असला, तरी त्यातला दोष अगदी खरा आहे आणि तो अनेक प्रकल्पांत होऊ शकतो.

समजा, एका विमा सेवेच्या संकेतस्थळावर ग्राहकांसाठी चॅट विंडो आहे. एखाद्या संदेशाला उत्तर द्यायला गेले, की लिहायच्या जागेच्या वर एक अरुंद पट्टी उघडते आणि तिच्यात मूळ संदेशाची पहिली वीस अक्षरे दिसतात. संदेश मोठा असेल तर पुढे तीन टिंबे येतात. कार्यालयातले कर्मचारी जुन्या अंतर्गत प्रणालीमुळे अजून इंटरनेट एक्स्प्लोरर ११ वापरतात. हा ब्राउझर २०१३ सालचा. त्यांची तक्रार अशी, की या पट्टीत मधूनच एक रिकामा चौकोन दिसतो. रोज दिसत नाही, सगळ्यांना दिसत नाही, पण दिसतो.

‘मधूनच’ या शब्दावर कोणताही चांगला टेस्टर थांबतो. संगणकातला दोष लहर लागली म्हणून येत नाही. मधूनच येतो, याचा अर्थ त्याची अट अजून कोणाला सापडलेली नाही.

अट शोधण्याआधी चिन्हाकडे नीट बघावे लागते, कारण ‘विचित्र चिन्हे’ या एका तक्रारीत तीन अगदी वेगळे रोग दडलेले असतात. पहिला रोग मराठी वाचकांना ओळखीचा आहे. ‘म’ हे अक्षर पाठवताना संगणक त्याचे तीन बाइट करतो: `E0 A4 AE`. ते वाचणाऱ्या ब्राउझरने चुकीची, म्हणजे जुनी पश्चिम युरोपीय सांकेतिक पद्धत वापरली, तर त्या तीन बाइटांची तीन निराळी अक्षरे होतात आणि पडद्यावर `à¤®` दिसते. असा गोंधळ झाला, की सगळा मराठी मजकूरच `à¤` च्या रांगांनी भरून जातो. दुसरा रोग फाँटचा. अक्षर बरोबर पोचलेले असते, पण ते काढून दाखवायला संगणकावर फाँट नसतो, म्हणून रिकामा चौकोन येतो. मोडी लिपीला युनिकोडमध्ये २०१४ साली जागा मिळाली. तरीही मोडीचा फाँट नसलेल्या संगणकावर मोडीतले प्रत्येक अक्षर चौकोनच दिसते. अशा वेळी ते अक्षर संदेशाच्या सुरुवातीला असो वा शेवटी, चौकोन सगळीकडे सारखाच येतो.

आपल्या उदाहरणात मात्र मराठी अक्षरे शाबूत आहेत, म्हणून पहिला रोग नाही. आणि ज्या इमोजीच्या जागी पट्टीत चौकोन आलाय, तोच इमोजी वरच्या मुख्य संदेशात, त्याच ब्राउझरमध्ये, नीट दिसतोय. म्हणजे फाँटही आहे. टेस्टरने एवढे दोन मुद्दे अहवालात लिहिले, तरी डेव्हलपरचा पहिला अर्धा दिवस वाचतो. राहतो तो तिसरा रोग: अक्षर अर्धेच पोचले आहे.

आता अट. टेस्टर तक्रारीतले प्रत्यक्ष संदेश मागवते आणि चौकोन दिसलेला एक संदेश हाती येतो: “उद्या दुपारी येतोय 🙏”. ती तो स्वतः पाठवून बघते, आणि चौकोन येतो. मग एकच शब्द बदलते: “उद्या सकाळी येतोय 🙏”. पट्टीत जोडलेले हात पूर्ण दिसतात. पुन्हा बदल: “उद्या संध्याकाळी येतोय 🙏”. पट्टीत “उद्या संध्याकाळी येत…” एवढेच दिसते, चौकोन नाही. सकाळी ठीक, दुपारी बिघाड, संध्याकाळी पुन्हा ठीक. घड्याळातल्या वेळेशी याचा काही संबंध नाही. बदलली आहे ती फक्त इमोजीच्या आधीच्या मजकुराची लांबी.

ही लांबी मोजताना मराठीत सावध राहावे लागते. ‘उद्या’ आपल्याला दोन अक्षरांचा शब्द वाटतो, पण संगणक त्यात पाच चिन्हे मोजतो: उ, द, हलन्त, य आणि काना. त्या हिशेबाने “उद्या सकाळी येतोय” आणि पुढची मोकळी जागा मिळून अठरा चिन्हे होतात. ‘दुपारी’ लिहिले की एकोणीस. ‘संध्याकाळी’ लिहिले तर इमोजीच्या आधीच वीसची मर्यादा ओलांडली जाते. सगळा फरक त्या एकोणीसमध्ये आहे.

डेव्हलपरला असा हिशेब करायला लावू नये, म्हणून टेस्टर मराठी वाक्य बाजूला ठेवते आणि आकडे वापरते. आकड्यांत काना-मात्रा नाही, मोजायला सोपे, आणि कोणत्याही भाषेच्या माणसाला कळतात. अहवालात ती हे तीन संदेश देते:

```
123456789012345678🙏
1234567890123456789🙏
12345678901234567890🙏
```

अठरा आकडे, एकोणीस आकडे, वीस आकडे, आणि प्रत्येकापुढे तोच इमोजी. पहिल्यात आणि तिसऱ्यात काही होत नाही. दुसऱ्यात इंटरनेट एक्स्प्लोरर ११ मध्ये दर वेळी चौकोन येतो. मर्यादेच्या अलीकडे एक, मर्यादेवर एक आणि पलीकडे एक अशी चाचणी घेणे हे टेस्टरच्या व्यवसायातले जुने तंत्र आहे. त्याचा उपयोग इथे इतका थेट होतो, की ‘मधूनच’ हा शब्द अहवालातून कायमचा निघून जातो.

पुढचा प्रश्न: बिघाड संदेश पाठवताना होतो, साठवताना होतो, की दाखवताना? याचे उत्तर कोड न उघडता मिळते. इंटरनेट एक्स्प्लोररमधून पाठवलेला एकोणीस आकड्यांचा संदेश क्रोममध्ये उघडला, तर पट्टी ठीक दिसते. क्रोममधून पाठवलेला तोच संदेश इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये उघडला, तर चौकोन दिसतो. म्हणजे सर्व्हरवरचा मजकूर निरोगी आहे आणि बिघाड दाखवण्याच्या टप्प्यावर आहे. दोन्ही ब्राउझर एकाच संगणकावर असल्याने संगणकालाही दोष देता येत नाही.

आणखी एक पुरावा टेस्टर गोळा करते. पट्टीवर उजवे क्लिक करून ती डेव्हलपर टूल्स उघडते आणि पट्टीतले विसावे चिन्ह नेमके काय आहे ते विचारते. मोजणी शून्यापासून असल्याने विसाव्याचा क्रमांक १९ येतो.

```js
document.querySelector(".quote").textContent.charCodeAt(19).toString(16)
```

उत्तर येते `d83d`. हा आकडा डेव्हलपरसाठी सगळ्यात मोलाचा. तो का, हे समजायला थोडे मागे जावे लागेल.

युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ साली आली, तेव्हा जगातल्या सगळ्या लिप्यांना १६ बिट, म्हणजे ६५,५३६ जागा पुरतील असा अंदाज होता. तो लवकरच चुकला. १९९६ च्या युनिकोड २.० मध्ये एक तोड काढली गेली: या मर्यादेबाहेरचे चिन्ह दोन १६-बिटी तुकडे जोडून लिहायचे. या तुकड्यांसाठी काही आकडे राखून ठेवले, आणि त्यांतल्या एकट्याला काहीच अर्थ ठेवला नाही. मराठी लिहायला लागणारी देवनागरी पहिल्या ६५,५३६ मध्ये बसते. बहुतेक इमोजी मात्र नंतर आले, त्यामुळे ते बाहेर पडले. जोडलेल्या हातांचे तुकडे `D83D` आणि `DE4F`. जावास्क्रिप्ट १९९५ ची भाषा. ती मजकुराची लांबी आजही या १६-बिटी तुकड्यांत मोजते, म्हणून तिच्या लेखी 🙏 ची लांबी दोन आहे.

तेव्हा टेस्टरला मिळालेला `d83d` म्हणजे जोडलेल्या हातांचा पहिला अर्धा भाग. दुसरा भाग कापला गेला आहे. अर्ध्या तुकड्याला स्वतःचे चित्र नसल्याने ब्राउझर तिथे चौकोन काढतो.

इथे अहवाल लिहिणाऱ्यांसाठी एक खाचखळगा आहे, आणि त्यात अनुभवी माणसेही पडतात. पट्टीतला चौकोन कॉपी करून तिकिटात पेस्ट करावा, असे सहज वाटते. पण अर्धा तुकडा यूटीएफ-८ मध्ये साठवताच येत नाही. तिकिटांची प्रणाली तो जतन करताना त्याच्या जागी बहुधा � हे ‘ओळखता न आलेल्या अक्षराचे’ चिन्ह घालते. डेव्हलपर तिकीट उघडतो, � बघतो आणि सांकेतिक पद्धतीचा गोंधळ आहे असे समजून भलत्याच दिशेने निघतो. पुरावा वाटेतच बदललेला असतो. म्हणून चिन्हाचा स्क्रीनशॉट द्यावा आणि त्याचा आकडा शब्दांत लिहावा. `d83d` ही चार साधी अक्षरे कुठल्याही प्रणालीतून न बिघडता जातात.

आता अहवाल लिहायला बसायचे. शीर्षकात टेस्टर ‘चिन्हे येतात’ असे लिहीत नाही. तिचे शीर्षक असे: “आयई ११: उत्तर-पट्टीत विसाव्या जागी इमोजी आल्यास त्याऐवजी रिकामा चौकोन.” शंभर तिकिटांच्या यादीतून जाणाऱ्या डेव्हलपरला तिकीट न उघडताच कुठे, केव्हा आणि काय हे कळते. खाली विंडोजची आवृत्ती, ब्राउझरची आवृत्ती आणि एक बारीक पण महत्त्वाची नोंद: हा खरा इंटरनेट एक्स्प्लोरर आहे, की मायक्रोसॉफ्ट एजमधला ‘आयई मोड’. मग पायऱ्या: चॅट उघडा, एकोणीस आकडे आणि 🙏 असा संदेश पाठवा, त्या संदेशावर ‘उत्तर द्या’ दाबा, वरची पट्टी बघा.

जोएल स्पोल्स्की यांनी २००० साली बग नोंदवण्याविषयी लिहिताना चांगल्या अहवालाला तीनच गोष्टी लागतात असे म्हटले होते: दोष पुन्हा घडवण्याच्या पायऱ्या, काय दिसायला हवे होते आणि प्रत्यक्षात काय दिसले. यांतली मधली गोष्ट लोक सर्रास गाळतात, कारण ती उघडच आहे असे वाटते. या तिकिटात ती उघड नाही. ‘इमोजी दिसायला हवा’ असे लिहिले, तर डेव्हलपर एका विशिष्ट दुरुस्तीला बांधला जातो. टेस्टर लिहिते: “इमोजी पूर्ण दिसावा किंवा अजिबात दिसू नये. अर्धा दिसू नये.” मर्यादेवर कापताना इमोजी वगळणे हेही बरोबर उत्तर आहे, हे या एका वाक्याने मान्य होते. या शब्दरचनेचा पुढे उपयोग होणार आहे.

निदान मात्र तिने वेगळे ठेवावे. पुटी या प्रसिद्ध प्रोग्रामचे कर्ते सायमन टॅथम यांनी १९९९ साली बग रिपोर्टवर लिहिलेल्या निबंधात हाच आग्रह धरला आहे: आधी लक्षणे सांगा, तर्क सांगायचा तर सांगा, पण लक्षणांच्या जागी तर्क देऊ नका. म्हणून “पट्टीतला मजकूर कापताना इमोजीचे दोन तुकडे होत असावेत, असा अंदाज” ही ओळ तिकिटाच्या अगदी शेवटी, अंदाज म्हणूनच येते.

तिकीट डेव्हलपरकडे जाते. त्याने लिहिलेला मूळ कोड तो बघतो आणि बुचकळ्यात पडतो, कारण कोड बरोबर आहे.

```js
for (const ch of text) {
  if (n === 20) return out + "…";
  out += ch;
  n++;
}
```

`for…of` ही रचना मजकुरातून जाताना इमोजीचे दोन तुकडे एकत्रच उचलते. मग अर्धा इमोजी आला कुठून? उत्तर `d83d` ने आधीच अर्धे दिले आहे, उरलेले ‘फक्त आयई ११’ या शब्दांत आहे. हा ब्राउझर नवी जावास्क्रिप्ट समजत नाही. त्यामुळे असे प्रकल्प एकाच कोडची दोन बंडले तयार करतात, एक नव्या ब्राउझरांसाठी आणि एक जुन्यांसाठी:

```html
<script type="module" src="chat.js"></script>
<script nomodule src="chat-old.js"></script>
```

टाइपस्क्रिप्ट जुने बंडल बनवताना, वेगळी सूचना दिलेली नसेल तर, `for…of` चे रूपांतर साध्या मोजणीच्या लूपमध्ये करते:

```js
for (var _i = 0, text_1 = text; _i < text_1.length; _i++) {
  var ch = text_1[_i];
```

आता मोजणी १६-बिटी तुकड्यांची झाली. विसावा तुकडा `D83D`, तिथे कापले, पुढे तीन टिंबे लावली. दोष ब्राउझरचा नाहीच. हे जुने बंडल मुद्दाम क्रोममध्ये चालवले, तर तिथेही इमोजी अर्धाच उरतो. डेव्हलपरकडे ‘चालत’ होते, कारण त्याच्या ब्राउझरला ते बंडल कधी मिळतच नव्हते.

दुरुस्तीतही एक फसवणूक आहे. टाइपस्क्रिप्टमध्ये `downlevelIteration` नावाची सूचना आहे, ती चालू केली की जुन्या बंडलातही मजकुरातून नीट जाता येते असे सांगितले जाते. ते खरे आहे, पण एका अटीवर: ब्राउझरमध्ये `Symbol.iterator` असायला हवे. इंटरनेट एक्स्प्लोरर ११ मध्ये ते नाही. ते बाहेरून पुरवणारा पॉलिफिल जोडला नाही, तर सूचना चालू असूनही लूप मुकाट्याने जुन्याच पद्धतीने मोजतो. डेव्हलपर सूचना चालू करतो, तिकिटावर ‘दुरुस्त’ असे लिहितो, आणि टेस्टर एकोणीस आकड्यांचा संदेश पुन्हा पाठवते. चौकोन तिथेच. नेमका संदेश हाती असल्यामुळे अपुरी दुरुस्ती मिनिटाभरात उघडी पडते. “उद्या येतो 🙏” असा कुठलाही संदेश वापरला असता, तर तिकीट त्याच दिवशी बंद झाले असते आणि दोष राहिला असता.

शेवटी डेव्हलपर साधा मार्ग घेतो. कापल्यावर शेवटी पहिला अर्धा तुकडा एकटा उरला असेल, तर तो काढून टाकायचा:

```js
if (/[\uD800-\uDBFF]$/.test(out)) out = out.slice(0, -1);
```

यानंतर जुन्या ब्राउझरमध्ये एकोणीस आकडे आणि तीन टिंबे दिसतात, नव्यात इमोजी पूर्ण दिसतो. दोन्हीकडे सारखे नाही, पण “पूर्ण किंवा अजिबात नाही” ही अपेक्षा दोन्हीकडे पाळली जाते आणि वाद न होता तिकीट बंद होते.

तपासणी करताना टेस्टरच्या लक्षात आणखी काही येते. विसाव्या जागी हलन्त आला तर पट्टीत ‘ज्ञ’ चा नुसता ‘ज्’ उरतो. आई-बाबा-मुलीचा इमोजी सांध्यावर कापला गेला, तर एकटे बाबा उरतात. हे सगळ्या ब्राउझरांत होते, क्रोममध्येही. तरी ते याच तिकिटात घुसडू नये. कारण वेगळे आहे, दुरुस्तीही वेगळी: मजकूर वाचणाऱ्याला दिसणाऱ्या अक्षरांप्रमाणे तोडायचा असतो, आणि त्यासाठी नव्या ब्राउझरांत `Intl.Segmenter` आहे. दोन दोष एका तिकिटात बांधले, की एक दुरुस्त झाल्यावर दुसरा त्याच्याबरोबर बंद होतो. मराठी मजकूर हाताळणाऱ्या प्रत्येक संघाने हे दुसरे तिकीट जरूर नोंदवावे, कारण अर्धवट जोडाक्षर ही मराठी वाचकाची रोजची अडचण आहे आणि इंग्रजीत चाचणी घेणाऱ्याला ती कधीच दिसत नाही.

इंटरनेट एक्स्प्लोरर ११ चा विंडोज १० वरचा आधार मायक्रोसॉफ्टने १५ जून २०२२ रोजी थांबवला, पण एजमधला आयई मोड किमान २०२९ पर्यंत चालू ठेवण्याचे सांगितले आहे. ज्यांचे ग्राहक किंवा कर्मचारी तो मोड वापरतात, त्यांनी अठरा, एकोणीस आणि वीस आकड्यांचे ते तीन संदेश तोवर आपल्या नेहमीच्या चाचण्यांच्या यादीत ठेवावेत.